ऑल-पास फेज शिफ्टर: आऊटपुट तेवढंच, फक्त मागे सरकलेलं

इंदूरमध्ये डिप्लोमा किंवा बीईच्या प्रयोगवहीत ऑल-पास सर्किट आलं की बहुतेक जण फ्रिक्वेन्सी बदलून आऊटपुटचं अ‍ॅम्प्लिट्यूड मोजतात, सगळीकडे सारखं आलं की आलेखावर आडवी रेघ मारतात आणि प्रयोग झाला म्हणतात. या सर्किटमध्ये ती आडवी रेघ फसवी असते. सर्किट अर्धवट जोडलेलं असलं तरी ती सपाटच येऊ शकते. म्हणून इथे एकच सर्किट घेऊ, १० किलोओहम आणि १० नॅनोफॅरडचं, आणि ते जोडून मॅग्निट्यूड व फेज दोन्ही नीट कसे तपासायचे ते पाहू.

आधी सर्किट कशामुळे चालतं ते

इनपुटवरून एक रेझिस्टर R निघतो, तो ऑप-अ‍ॅम्पच्या प्लस पायाला जातो, आणि त्या पायापासून कपॅसिटर C ग्राउंडला जातो. एवढं तर साधं आरसी लो-पास झालं. याशिवाय इनपुटवरून R1 हा दुसरा रेझिस्टर मायनस पायाला जातो, आणि आऊटपुटवरून तेवढ्याच किमतीचा R2 मायनस पायाला परत येतो. R1 आणि R2 सारखे असले की ऑप-अ‍ॅम्प एवढंच करतो: प्लस पायावरच्या व्होल्टेजची दुप्पट घेतो आणि त्यातून इनपुट वजा करतो.

```
Vout = 2*Vplus - Vin
```

आता प्लस पायावरचं व्होल्टेज म्हणजे कपॅसिटरवरचं व्होल्टेज, त्याला Vc म्हणू. रेझिस्टरवरचं Vr. दोघांची बेरीज म्हणजे Vin. वरच्या सूत्रात हे घातलं की आऊटपुट निघतं Vc वजा Vr. रेझिस्टर आणि कपॅसिटरमधून एकच करंट वाहतो, त्यामुळे त्यांची व्होल्टेजेस नेहमी एकमेकांशी ९० अंशांत असतात. कागदावर दोन बाणांचा आयत काढा, एक बाजू Vc आणि दुसरी Vr. या आयताचा एक कर्ण म्हणजे बेरीज, म्हणजे Vin. दुसरा कर्ण म्हणजे वजाबाकी, म्हणजे Vout. आयताचे कर्ण सारख्या लांबीचे असतात हे शाळेत शिकलेलंच आहे. फ्रिक्वेन्सी बदलली की आयत कधी उभट होतो, कधी आडवा, पण दोन्ही कर्ण बरोबरीचेच राहतात. बदलतो तो फक्त त्यांच्यामधला कोन, आणि तोच आपला फेज शिफ्ट.

सूत्रात तो कोन असा येतो:

```
f0 = 1/(2*pi*R*C)
phase = -2*atan(f/f0)
```

कमी फ्रिक्वेन्सीला कोन शून्याजवळ असतो, f0 ला बरोबर ९० अंश मागे, आणि खूप वरच्या फ्रिक्वेन्सीला १८० अंशांच्या जवळ. नुसतं आरसी जास्तीत जास्त ९० अंश मागे नेतं, आणि तेही अ‍ॅम्प्लिट्यूड मारून. इथे दुप्पट फिरवता येतं आणि अ‍ॅम्प्लिट्यूड हलत नाही.

सामान

टीएल०७२ एक, १० किलोओहमचे तीन रेझिस्टर, १० नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, १०० नॅनोफॅरडचे दोन सिरॅमिक कपॅसिटर, ब्रेडबोर्ड आणि वायरी. हे सगळं जेल रोडला एका फेरीत मिळतं. फक्त १० नॅनोचा कपॅसिटर मागताना नीट मागा. नुसतं "एक सौ तीन देना" म्हटलं तर दुकानदार तपकिरी डिस्क सिरॅमिक हातात ठेवण्याचा संभव जास्त. "भैया, पॉलिएस्टर वाला, डिस्क नहीं" असं स्पष्ट सांगा. हिरव्या किंवा लालसर आवरणाच्या पॉलिएस्टर कपॅसिटरवर १०३जे असं छापलेलं असतं. १०३ म्हणजे १० नॅनोफॅरड, आणि जे म्हणजे अधिक-उणे ५ टक्के. के असेल तर १० टक्के, तेही चालेल. झेड असेल तर घेऊ नका. त्याची खरी किंमत छापलेल्यापेक्षा २० टक्के कमी ते ८० टक्के जास्त यांत कुठेही असू शकते, आणि शिवाय तापमानाबरोबर ती हलते. मे महिन्यात दुपारी आणि रात्री वेगवेगळे आकडे आले तर आधी कपॅसिटरवरचं अक्षर बघा.

रेझिस्टर १ टक्क्याचे मेटल फिल्म घ्या. ५ टक्क्यांचे असतील तर दहा-पंधरा घेऊन मल्टीमीटरनं मोजा आणि त्यातली एकमेकांशी सर्वांत जुळणारी जोडी R1 आणि R2 साठी बाजूला ठेवा. मीटर थोडा चुकीचा असला तरी बिघडत नाही, कारण दोन्ही त्याच मीटरनं मोजले आहेत आणि इथे नेमकी किंमत नको, सारखेपणा हवा. तिसरा, म्हणजे R, थोडा इकडेतिकडे असला तरी फक्त f0 सरकेल.

जोडणी

एका बॅटरीचा प्लस टीएल०७२ च्या ८ नंबरच्या पायाला. दुसऱ्या बॅटरीचा मायनस ४ नंबरला. पहिल्या बॅटरीचा मायनस आणि दुसरीचा प्लस एकमेकांना जोडा. हाच सर्किटचा ग्राउंड. फंक्शन जनरेटरची काळी क्लिप, सीआरओच्या दोन्ही प्रोबच्या काळ्या क्लिपा आणि C चं खालचं टोक, सगळे याच बिंदूला. हा बिंदू जनरेटरच्या ग्राउंडला जोडायचा राहिला तर आऊटपुटवर ५० हर्ट्झचा गोंधळ दिसतो किंवा आऊटपुट एका सप्लायला चिकटून बसतं. ८ नंबरपासून ग्राउंडला आणि ४ नंबरपासून ग्राउंडला एकेक १०० नॅनो, आयसीच्या अगदी जवळ.

आता मुख्य भाग. इनपुटवरून R1 दोन नंबरला. एक नंबरवरून R2 दोन नंबरला. इनपुटवरून R तीन नंबरला, आणि तीन नंबरवरून C ग्राउंडला. आऊटपुट एक नंबरवर. आयसीत दुसरा ऑप-अ‍ॅम्प रिकामा आहे. त्याचा ५ नंबर ग्राउंडला आणि ६ नंबर ७ ला जोडून टाका, म्हणजे तो स्वस्थ बसतो.

दोन आणि तीन नंबरची अदलाबदल ही नेहमीची चूक. तसं झालं की साईन येतच नाही, आऊटपुट वरच्या किंवा खालच्या सप्लायला जाऊन चिकटतं.

मोजमाप

जनरेटरवर साईन, १ व्होल्ट पीक-टू-पीक, ऑफसेट शून्य. सीआरओचं पहिलं चॅनेल सर्किटच्या इनपुटवर, म्हणजे R1 आणि R जिथे भेटतात तिथे, दुसरं आऊटपुटवर. दोन्ही प्रोब १०एक्सवर, दोन्ही चॅनेल डीसी कपलिंगवर, ट्रिगर कायम पहिल्या चॅनेलवर. एक प्रोब १एक्सवर आणि दुसरा १०एक्सवर राहिला तर वरच्या फ्रिक्वेन्सीला प्रोबच खोटा फेज दाखवायला लागतो.

इनपुट शून्यातून वर जाताना आणि आऊटपुट शून्यातून वर जाताना यांतलं अंतर मोजा. ते वेळेत मिळतं. त्याला फ्रिक्वेन्सीनं आणि ३६० नं गुणलं की अंश मिळतात. आपल्या किमतींसाठी f0 येते १५९२ हर्ट्झ, आणि आकडे असे यायला हवेत:

| फ्रिक्वेन्सी (हर्ट्झ) | फेज मागे (अंश) | उशीर (मायक्रोसेकंद) |
|---|---|---|
| १०० | ७.२ | २०० |
| ५०० | ३४.९ | १९४ |
| १००० | ६४.३ | १७९ |
| १५९२ | ९० | १५७ |
| ३००० | १२४.१ | ११५ |
| ५००० | १४४.७ | ८० |
| १०००० | १६१.९ | ४५ |
| २०००० | १७०.९ | २४ |

शेवटचा रकाना जरा थांबून बघण्यासारखा आहे. खालच्या फ्रिक्वेन्सीला उशीर जवळजवळ ठरलेला आहे, २०० मायक्रोसेकंद, म्हणजे २ गुणिले R गुणिले C. फेज मात्र वाढत जातो, कारण तोच उशीर छोट्या होत जाणाऱ्या आवर्तनाचा मोठा वाटा खातो. f0 च्या आसपास आल्यावर उशीर स्वतःच कमी व्हायला लागतो. त्यामुळे या सर्किटमधून चौकोनी लहर घातली तर ती चौकोनी बाहेर येत नाही, तिच्यातल्या वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या उशिरानं पोचतात. सर्किट बिघडलं आहे असं समजू नका. मोजमापासाठी साईनच वापरा.

कपॅसिटर ५ टक्के जास्त निघाला तर १५९२ हर्ट्झला ९० ऐवजी ९२.८ अंश येतील. म्हणजे दोन-तीन अंशांचा फरक दिसला तर शोधाशोध करू नका, भागांची टॉलरन्स तेवढी आहेच. पंधरा अंशांचा फरक आला तर बहुधा डिस्क सिरॅमिक घातला गेला आहे.

मॅग्निट्यूड कुठे ढळतं

समजा सर्किट जोडलं, आणि १०० हर्ट्झला इनपुट १ व्होल्ट, आऊटपुट १ व्होल्ट. पण १० किलोहर्ट्झला आऊटपुट १.०८ व्होल्ट. आऊटपुट वाढत कसं गेलं?

R1 आणि R2 काढून मोजले तर R1 निघेल ९.६ किलोओहम, R2 १०.४. दोन्ही ५ टक्क्यांच्या आत आहेत, पण एक खाली आणि एक वर. गुणोत्तर १.०८३. आपण जिथे "दुप्पट वजा एक" असं गृहीत धरलं होतं, तिथे आता २.०८३ पट वजा १.०८३ पट असं झालं. खालच्या फ्रिक्वेन्सीला कपॅसिटर जवळजवळ नसल्यासारखा असतो, प्लस पायावर पूर्ण इनपुट पोचतं आणि २.०८३ वजा १.०८३ बरोबर १ च येतं. वर मात्र कपॅसिटर प्लस पायाला ग्राउंडवर धरून ठेवतो, आणि उरतो नुसता इन्व्हर्टिंग अ‍ॅम्प्लिफायर, गेन R2 भागिले R1, म्हणजे १.०८३. f0 ला १.०४ येतो आणि फेज ९० ऐवजी ९२.३ अंश.

यातून एक सोपी खूण हाती लागते. R1 आणि R2 कितीही बेजोड असले तरी खालच्या टोकाला गेन १ च दिसतो. म्हणून जोडी बरोबर आहे का हे पाहायचं असेल तर १० किलोहर्ट्झच्या वर जाऊन पाहा. १ टक्क्याचे रेझिस्टर सर्वांत वाईट जुळले तरी फरक २ टक्क्यांचा, ५ टक्क्यांचे सर्वांत वाईट जुळले तर १० टक्क्यांच्या वर.

ब्रेडबोर्डला हात लावण्याआधी हेच एलटीस्पाईसमध्ये पाहता येतं. R2 ची किंमत १०.८ के करून पुन्हा चालवा आणि out चा आलेख वरच्या टोकाला कसा उचलला जातो ते पाहा.

```
all-pass phase shifter
V1 in 0 AC 1
R1 in inv 10k
R2 inv out 10k
R3 in p 10k
C1 p 0 10n
E1 out 0 p inv 1e5
.ac dec 20 10 100k
.end
```

सपाट रेघ आणि तरीही चूक

आता सुरुवातीला म्हटलेली गोष्ट. C चं एक टोक ब्रेडबोर्डच्या चुकीच्या ओळीत गेलं आणि तो जोडलाच गेला नाही, तर प्लस पायावर पूर्ण इनपुट येतं. आऊटपुट हुबेहूब इनपुट. गेन सगळीकडे १, फेज सगळीकडे शून्य. C शॉर्ट झाला किंवा त्याच्या जागी चुकून वायर लागली, तर प्लस पाय कायम ग्राउंडवर, आऊटपुट सगळीकडे उलटं, गेन पुन्हा १. दोन्ही वेळा मॅग्निट्यूडची रेघ वहीत दाखवण्याइतकी सरळ.

R आणि C ची अदलाबदल झाली तर ओळखणं आणखी अवघड. तेव्हाही ते ऑल-पासच असतं, फक्त फेज १८० अंशांपासून सुरू होऊन शून्याकडे येतो. f0 ला तो ९० अंश पुढे असतो, मागे नाही. एक्स-वाय मोडमध्ये दोन्ही बाबतींत तेच वर्तुळ दिसतं, म्हणून नुसत्या वर्तुळावर विश्वास ठेवू नका. १०० हर्ट्झला साधा वाय-टी मोड लावा. आऊटपुट इनपुटबरोबर वर जात असेल तर जोडणी वर दिलेल्यासारखी आहे. उलटं जात असेल तर R आणि C बदलले गेले आहेत, किंवा प्लस पाय ग्राउंडला चिकटला आहे. मग १० किलोहर्ट्झला पाहा: तिथे आऊटपुट जवळजवळ इनपुटसोबत आलं तर अदलाबदल, अजून उलटंच असेल तर शॉर्ट.

चूक कुठल्या भागात आहे ते वेगळं करायला तीन नंबरच्या पायावर प्रोब ठेवा, १५९२ हर्ट्झला. तिथे इनपुटच्या ०.७०७ पट आणि ४५ अंश मागे दिसलं तर R आणि C ठीक आहेत, गडबड R1, R2 किंवा आयसीत आहे. दुसरं काही दिसलं तर आयसी बदलत बसू नका, आरसी बघा.

सोर्स आणि आयसी यांच्या मर्यादा

या सर्किटचा इनपुट इम्पीडन्स फ्रिक्वेन्सीबरोबर बदलतो. खाली तो खूप मोठा असतो, कारण आऊटपुट इनपुटसोबत चालतं आणि R1 मधून करंटच जात नाही. वर R1 आणि R दोन्ही ग्राउंडला लागल्यासारखे होतात आणि उरतात ५ किलोओहम. फंक्शन जनरेटरच्या ५० ओहमला याचं काही वाटत नाही, वरच्या टोकाला १ टक्का घट होते इतकंच. पण सिग्नल १० किलोओहमच्या पॉटच्या मधल्या टोकावरून घेतला, पॉट अर्ध्यावर असताना, तर सोर्स २.५ किलोओहमचा होतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला एक तृतीयांश सिग्नल तिथेच मरतो. पाहणाऱ्याला वाटतं, ऑल-पास लो-पास झालं. सर्किटच्या इनपुटवर आणि आऊटपुटवर प्रोब ठेवले तर दोन्ही सारखेच घटलेले दिसतील. पहिला प्रोब जनरेटरजवळ न ठेवता सर्किटच्या इनपुटवर ठेवा असं वर म्हटलं ते म्हणूनच. अशा सोर्ससाठी टीएल०७२ चा रिकामा अर्धा भाग बफर म्हणून पुढे लावा.

टीएल०७२ ऐवजी ७४१ चालेल का? १ व्होल्ट पीक-टू-पीक आणि काही किलोहर्ट्झपर्यंत चालेल. या सर्किटमध्ये ऑप-अ‍ॅम्पला आतून २ चा गेन सांभाळावा लागतो, म्हणून ७४१ ची १ मेगाहर्ट्झ बँडविड्थ इथे अर्ध्या मेगाहर्ट्झपर्यंतच पुरते. २० किलोहर्ट्झला तो स्वतःचे सुमारे २.३ अंश जादा घालतो. १०० किलोहर्ट्झला ११ अंश, म्हणजे एकूण फेज १८० च्या पलीकडे जातो, जे सूत्राप्रमाणे शक्यच नाही. मोठ्या सिग्नलला स्लू रेट आधी आडवा येतो. ७४१ चा ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद आहे, त्यामुळे ५ व्होल्ट पीकची साईन १६ किलोहर्ट्झच्या पुढे त्रिकोणी व्हायला लागते. साईन त्रिकोणी दिसली की इनपुट कमी करा. कमी केल्यावर आकार सुधारला तर स्लू रेटच होता.

फेज हातानं फिरवायचा असेल तर

R च्या जागी १ किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्या सिरीजमध्ये १०० किलोओहमचा पॉट लावा, C तोच. आता फ्रिक्वेन्सी १ किलोहर्ट्झला ठेवून पॉट फिरवला तर फेज सुमारे ७ अंशांपासून १६२ अंशांपर्यंत जातो आणि अ‍ॅम्प्लिट्यूड जागचं हलत नाही. १ किलोओहम सिरीजमध्ये हवाच. तो नसेल तर पॉट एका टोकाला गेल्यावर वरच्या फ्रिक्वेन्सीला कपॅसिटर थेट जनरेटरवर येतो.

पॉट बी टाईप, म्हणजे लिनियर घेतला, तर अर्ध्या फेरीतच फेज १४५ अंशांवर पोचतो आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत जेमतेम १७ अंश मिळतात. ए टाईप, म्हणजे लॉग पॉट घ्या, आणि तो अशा बाजूनं जोडा की फिरवायला लागल्यावर रेझिस्टन्स सुरुवातीला हळू वाढेल. उलट्या टोकानं जोडला तर लिनियरपेक्षाही वाईट वागतो. एका टप्प्यानं १८० अंश पूर्ण मिळत नाहीत. ते हवे असतील तर टीएल०७२ च्या दुसऱ्या अर्ध्या भागावर हाच टप्पा पुन्हा उभारा. दोन्हींमध्ये सारखेच R आणि C असले की १५९२ हर्ट्झला बरोबर १८० अंश होतात. मधे बफरची गरज नाही, पहिल्या ऑप-अ‍ॅम्पचं आऊटपुट दुसऱ्या टप्प्याचे ५ किलोओहम सहज चालवतं.